पुसट पत्राचे साल
समजा, आजोबांच्या पत्रावर ‘५ सप्टेंबर १९५’ एवढेच वाचता येते. शेवटचा अंक पुसला आहे. टंकलेखन करताना तेथे अंदाजाने अंक भरू नका. पुढचा ‘शुक्रवार’ स्पष्ट आहे. त्या दशकात ५ सप्टेंबरला शुक्रवार दोनदाच आला : १९५२ आणि १९५८ साली. आता मजकूर पाहा. आजोबा ‘पंचवीस नये पैसे’ लिहितात, आणि नये पैसे १ एप्रिल १९५७ रोजी चलनात आले. म्हणजे साल १९५८. तरीही तो अंक चौकटी कंसात टंकित करा, १९५[८] असा, आणि तळटीपेत कारण द्या. पत्रात ‘चार आणे’ असते, तर निर्णय लागला नसता; आण्यांतला हिशोब लोकांच्या तोंडी पुढेही राहिला होता.