पहिले लिनक्स निवडताना

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला नियमित सुरक्षा-दुरुस्त्या पुरविणे थांबविले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सुस्थितीतील अनेक जुने संगणक मागे पडले. खामगाव किंवा मेहकरच्या एखाद्या दुकानात २०१५ च्या सुमारास घेतलेला, चार जीबी मेमरीचा असा संगणक आहे आणि इंटरनेट मोबाइलच्या मर्यादित डेटावर चालते, असे समजू. त्यावर कोणते लिनक्स घ्यावे?

लिनक्सच्या निरनिराळ्या संचांना ‘डिस्ट्रो’ म्हणतात. त्यांच्यातील मुख्य फरक अद्ययावतीकरणाच्या पद्धतीत आहे. ‘आर्च’मध्ये नवे बदल अखंड येत राहतात. ‘फेडोरा’ची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते व प्रत्येक आवृत्तीला सुमारे तेरा महिनेच दुरुस्त्या मिळतात. दोन्हींत डाउनलोड मोठे असते आणि बदलांनंतर एखादी गोष्ट बिघडण्याची शक्यता अधिक. ‘डेबियन’ याच्या उलट आहे. त्याची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी येते, मधल्या काळात प्रामुख्याने दुरुस्त्याच येतात. मात्र सॉफ्टवेअर जुने होत जाते.

‘लिनक्स मिंट’ हा यांतील मध्यममार्ग होय. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीवर उभारलेल्या मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. त्याची मांडणी विंडोजच्या सवयीला जवळची असून ‘टाइमशिफ्ट’मुळे बिघाड झाल्यास प्रणाली पूर्वस्थितीत आणता येते, मात्र त्यासाठी आधी नोंद घेतलेली असावी लागते. चार जीबी मेमरीच्या या संगणकासाठी मिंटची हलकी ‘एक्सएफसीई’ आवृत्ती योग्य ठरेल. सॉफ्टवेअर घेताना शक्य तेथे ‘फ्लॅटपॅक’ टाळावे, कारण पहिल्याच वेळी त्याच्या जोडीने शेकडो एमबी उतरतात.

तथापि खरा निर्णय सॉफ्टवेअरवर ठरतो. फायरफॉक्स व लिबरऑफिस मिंटसोबतच येतात. टॅली व श्रीलिपी ही सॉफ्टवेअर मात्र विंडोजसाठी आहेत. ‘वाइन’वर ती बिनचूक चालतील याची हमी नाही. शिवाय जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधील मराठी मजकूर, तो फॉन्ट नसल्यास, लिबरऑफिसमध्ये निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. म्हणून विंडोज काढण्यापूर्वीच तो युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. हिशेब टॅलीतच ठेवणे अपरिहार्य असेल, तर त्या कामासाठी विंडोज ११ चा संगणक हवा.

बदलापूर्वी सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. मिंट आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर तयार करून, हार्डडिस्कला हात न लावता त्यावरूनच चालवून पाहावे. वायफाय, आवाज, छपाई व मराठी टंकलेखन यांची चाचणी येथेच घ्यावी. वायफायची नेटवर्क दिसलीच नाहीत, तर बहुधा त्या कार्डाचा ड्रायव्हर नाही असे समजावे. मोबाइल केबलने जोडून ‘ड्रायव्हर मॅनेजर’मध्ये तो शोधावा. तो न मिळाल्यास हार्डडिस्कवर मिंट बसविण्याची घाई करू नये.