‘मी काहीच करत नाही’ : एका उत्तराचा इतिहास

आजचा विषय एका लहानशा उत्तराचा आहे. शाळेत मुलाचे नाव घालायला आई येते. गुरुजी विचारतात, “आपण काय करता?” ती पदर सावरून म्हणते, “मी काही करत नाही, घरीच असते.” गुरुजी रकान्यात ‘काही नाही’ असे लिहितात आणि पुढच्या नावाकडे वळतात. ही बाई पहाटे पाचला उठलेली असते, पण ती खोटे बोलत नाही. तिला खरोखरच तसे वाटते. दिवसभर राबूनही रात्री अंथरुणाला पाठ टेकताना आज आपण काय केले ते तिला सांगता येत नाही. केलेली भाकरी खाऊन संपली, घासलेली भांडी पुन्हा खरकटी झाली, सारवलेले अंगण पुन्हा तुडवले गेले. कामाची खूण मागे उरत नाही, आणि जिथे खूण नाही तिथे किंमतही नाही, असे मन धरून बसते.

हे उत्तर तिला आपोआप सुचले असे आपण समजतो. पण त्याला इतिहास आहे, आणि तो सरकारी कागदांतून दिसतो.

इंग्लंडमध्ये १८५१ साली जी खानेसुमारी झाली, तिच्यात लोकांचे धंद्यांप्रमाणे वर्ग पाडले होते. त्यांतला एक वर्ग पत्नी, माता आणि घर चालवणाऱ्या स्त्रिया यांचा होता. घर चालवणे हे समाजाच्या उपयोगाचे काम आहे असे त्या वेळच्या अधिकाऱ्यांनी मानले होते. पुढे तीस वर्षांत अर्थशास्त्राचे वारे फिरले. जे बाजारात विकले जाते आणि ज्याचे पैसे येतात तेच काम, असा हिशेब रूढ झाला. १८८१ च्या खानेसुमारीत त्याच स्त्रिया ‘बिनधंद्याच्या’ वर्गात टाकल्या गेल्या. तीस वर्षांत त्यांचे काम काही कमी झाले नव्हते. चूल तीच होती, पाळणाही तोच होता. बदलला होता तो वहीतला रकाना.

आता आपल्याकडे या. १९६१ च्या जनगणनेत माणसांचे ‘काम करणारे’ आणि ‘काम न करणारे’ असे दोन भाग केले, आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया दुसऱ्या भागात गेल्या. त्या वेळी शंभर स्त्रियांपैकी सुमारे २८ ‘काम करणाऱ्या’ ठरल्या. १९७१ साली प्रश्न बदलला. तुमचे मुख्य काम कोणते, असे विचारले गेले. शेतात खुरपणारी, गोठा सांभाळणारी बाई म्हणाली, “मुख्य म्हणजे घरचेच बघते.” झाले! ती ‘काम न करणारी’ ठरली, आणि २८ चा आकडा सुमारे निम्म्यावर आला. दहा वर्षांत देशातल्या निम्म्या राबणाऱ्या बाया काही घरात बसल्या नव्हत्या. प्रश्न बदलला, म्हणून त्या कागदावरून नाहीशा झाल्या.

पुढे चूक ध्यानात आली. १९९१ साली प्रश्नातच स्पष्ट लिहिले गेले, की घरच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेले कामही कामच धरायचे. २००१ साली घरापुरत्या दुधासाठी जनावरे सांभाळणे हेही कामात आले. पण रेघ कुठे आखली ते पाहा. म्हशीची धार काढणे हे काम ठरले. तेच दूध तापवणे, विरजणे, घुसळणे आणि घरच्यांना वाढणे हे मात्र ‘घरगुती कर्तव्य’च राहिले. बाई तीच आणि दूधही तेच, पण गोठ्याचा उंबरा ओलांडून ती स्वयंपाकघरात आली की तिचे काम संपले! गृहिणींना कैदी आणि भिकारी यांच्याबरोबर ‘काम न करणाऱ्यां’च्या गटात बसवण्यावर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अपघात-भरपाईच्या एका खटल्यात कडक शब्दांत बोट ठेवले.

तुम्ही म्हणाल, रकाना चुकला तर मग बाईचे काम मोजायचे तरी कसे? त्यासाठी एक साधी रीत आहे. ‘काय करता?’ असे न विचारता, ‘काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत दर अर्ध्या तासाला काय केले?’ असे विचारायचे. भारत सरकारने २०१९ साली देशभर अशी वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, बिनपगारी घरकामात जातात असे दिसले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे निघाली, आणि असा हात लावणारे पुरुषच मुळी थोडे होते. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. ‘काहीच करत नाही’ या उत्तराच्या जागी तास आणि मिनिटे लिहिली गेली.

ही रीत घरी करता येते, आणि इथेच शिक्षक बंधुभगिनींचा उपयोग आहे. वहीचे एक पान घ्या. डावीकडे पहाटे चारपासून अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी आखा, म्हणजे ४८ ओळी होतील. मध्ये लिहा ‘मुख्य काम’ आणि उजवीकडे ‘सोबतचे काम’. आईला लिहिता येत नसेल तर मुलाने विचारून लिहावे. मात्र रात्री एकदम आठवून लिहू नये. रात्री फक्त मोठी कामे आठवतात आणि बारीकसारीक गळतात. सकाळची न्याहारी झाल्यावर, दुपारी आणि निजताना, असे तीनदा लिहावे. सणाचा किंवा लग्नाचा दिवस धरू नये. साधे तीन दिवस घ्यावेत.

असे धरा, की सहा माणसांच्या एका शेतकरी घरातले हे पान आहे. स्वयंपाक आणि भांडी चार तास. झाडलोट, धुणे, पाणी अडीच तास. गोठा दीड तास. मुले आणि सासूबाईंचे औषधपाणी दीड तास. शेतात तीन तास. ही झाली साडेबारा तासांची बेरीज. झोप सात तास, आणि अंघोळ-जेवण वगैरे दोन तास. चोवीसातून उरले अडीच तास. घरचे लगेच म्हणतील, “बघा, अडीच तास मोकळीच तर असते!” पण आता उजवीकडचा रकाना वाचा. हे अडीच तास पाच तुकड्यांत विखुरलेले आहेत. एका तुकड्यात ‘बसले’ असे लिहिले आहे आणि सोबत ‘डाळ निवडली’. दुसऱ्यात ‘रेडिओ ऐकला’ आणि सोबत ‘दुधावर लक्ष’. तिसऱ्यात ‘आडवी झाले’ आणि सोबत ‘धाकट्याला झोपवले’. वेळ आहे, पण तिचा एकटीचा नाही. तिला कशाचेच समाधान का वाटत नाही, त्याचे एक कारण या उजव्या रकान्यात आहे.

म्हणून उपाय करताना ‘थोडी विश्रांती घे’ असे सांगून भागत नाही. तुकडे जोडावे लागतात. याच पानावर संध्याकाळ पाहा. सातला सासूबाईंचे पान, साडेसातला मुलांचे, नऊला मालकांचे, आणि मग स्वतःचे. म्हणजे सात ते साडेनऊ चूल आणि बाई दोघी अडकलेल्या. सासूबाईंना पथ्यामुळे लवकर जेवणे भाग असेल तर त्यांना सातलाच वाढावे. बाकीची सारी साडेसातला एका पंगतीला बसली आणि ज्याने त्याने आपले ताट घासले, तर साडेआठला स्वयंपाकघर मिटते. साडेआठ ते साडेनऊ असा सलग एक तास हाती येतो. त्यात कोणाचे पोट मारले गेले नाही आणि खर्चही आला नाही. तो तास वाचनाचा, शेजारणीकडे जाण्याचा, शिवणाचा की नुसते अंगणात बसण्याचा, हे तिने ठरवायचे.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली अशी, की काम दुसऱ्याकडे जाते पण आठवण करण्याचे ओझे तिच्याकडेच राहते. “पाणी भरलंस का रे?” असे चार वेळा विचारावे लागत असेल, तर ते काम अजून तिचेच आहे. काम ज्याचे, त्याची आठवणही त्याचीच, असे ठरले पाहिजे. दुसरी अशी, की मोकळा झालेला तास बघता बघता पापड-कुरडयांनी भरतो. ओळखायचे कसे? महिन्याने पुन्हा एक पान लिहा. त्या तासासमोर उजवा रकाना कोरा असेल तर तास तिचा झाला, तिथे डाळ परत आली असेल तर नाही. आणि हेही खरे, की तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस घरात असेल, तर नुसत्या पंगतीच्या बदलाने तास निघत नाही. तिथे दुसरे माणूस ठरल्या वेळी जवळ बसलेच पाहिजे.

ठरलेल्या वेळेचे बळ आपल्या महाराष्ट्राने पाहिलेले आहे. रमाबाई रानडे १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन माधवरावांच्या घरी आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. माधवरावांनी त्यांना शिकवायला घेतले. दिवस घरकामाचा, म्हणून अभ्यास रात्रीचा. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही, आणि त्यांची बोलणी रमाबाईंना वर्षानुवर्षे सोसावी लागली. १९१० साली त्यांच्या आठवणींचे पुस्तक निघाले, त्यात हे सारे आले आहे. वेळ काढणे एकटीच्या निश्चयाने झाले नाही, घरातले एक माणूस त्या वेळेच्या बाजूने उभे होते, हे त्यातून ध्यानात घ्यावे. म्हणूनच १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे राहिल्यावर संसारी स्त्रियांचे वर्ग दुपारी भरू लागले. सकाळचे आवरून झालेले आणि संध्याकाळची चूल पेटायची, असा तो वेळ. तुझे घरकाम झाल्यावर बघू असे न म्हणता, घरकामाचे घड्याळ पाहून शाळेची घंटा लावली गेली.

तेव्हा गुरुजी, पुढच्या खेपेला मुलाची आई समोर उभी राहून “मी काही करत नाही” असे म्हणाली, तर रकाना भरण्याची घाई करू नका. तिला विचारा, “काल पहाटे उठल्यावर पहिल्यांदा काय केलंत?” मग, “त्यानंतर?” चार-पाच ओळी झाल्या की ती आपणहून थांबेल आणि म्हणेल, “अगंबाई, इतकं होतं होय!” त्या दिवशी तिच्या हाती पान द्या, आणि ते घरी पंगतीत मोठ्याने वाचायला मुलाला सांगा.