नियम की हिशेब? : उपयुक्ततावादाचे दोन पंथ आणि 'मिन्योनेट'चा खटला

'मिन्योनेट' ही इंग्लंडहून ऑस्ट्रेलियातील सिडनीकडे निघालेली नौका ५ जुलै १८८४ रोजी दक्षिण अटलांटिक महासागरात बुडाली. कप्तान टॉम डडली, त्याचा सहायक एडविन स्टीफन्स, खलाशी एडमंड ब्रुक्स आणि जहाजावर कामाला असलेला १७ वर्षांचा रिचर्ड पार्कर असे चौघे एका उघड्या होडीत उतरले. हाती लागले ते सलगमाचे दोन डबे. प्यायला पावसाचे जे थेंब जमतील तेवढेच पाणी होते. चौथ्या दिवशी एक लहान कासव सापडले, तेही बाराव्या दिवसापर्यंत संपले. विसाव्या दिवशी डडलीने स्टीफन्सच्या संमतीने पार्करला ठार केले. तिघे त्याच्या देहावर जगले आणि चौथ्या दिवशी एका जर्मन जहाजाने त्यांना वाचवले.

इंग्लंडला परतल्यावर डडली आणि स्टीफन्स यांच्यावर खुनाचा खटला चालला. फौजदारी कायद्याच्या अभ्यासात तो आजही शिकवला जातो. नीतिशास्त्रातील एक जुना वाद समजून घेण्यासही तो उपयोगी पडतो. कृतीचे भलेबुरेपण तिच्या परिणामांवर ठरत असेल, तर त्या परिणामांचा हिशेब प्रत्येक प्रसंगी नव्याने मांडायचा, की आधी ठरलेला नियम पाळायचा, हा तो वाद होय.

एकच तत्त्व, दोन प्रश्न

जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त हित साधते ते योग्य, हे उपयुक्ततावादाचे मूळ सूत्र. जेरेमी बेंथम आणि जॉन स्टुअर्ट मिल हे त्याचे प्रमुख प्रवर्तक. या सूत्राचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो, हे विसाव्या शतकात अधिक स्पष्ट झाले. अमेरिकन तत्त्वज्ञ रिचर्ड ब्रँट यांनी १९५९ मध्ये या दोन अर्थांना जी नावे दिली, ती रूढ झाली. मराठीत त्यांना कृतिलक्षी आणि नियमलक्षी उपयुक्ततावाद म्हणता येईल.

कृतिलक्षी उपयुक्ततावादी विचारतो, 'समोर असलेल्या पर्यायांपैकी कोणत्या कृतीने एकूण हित सर्वाधिक साधेल?' नियमलक्षी उपयुक्ततावादी एक पायरी मागे जातो आणि विचारतो, 'सर्वांनी कोणता नियम स्वीकारला असता एकूण हित सर्वाधिक साधेल?' पुढे तो त्या नियमाप्रमाणे वागतो, मग एखाद्या प्रसंगी नियम मोडणे फायद्याचे दिसले तरीही. पहिल्याच्या दृष्टीने हिशेब कृतीचा असतो, दुसऱ्याच्या दृष्टीने नियमाचा.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. कृतिलक्षी उपयुक्ततावादीही नियम वापरतो. वेळ थोडा असतो, माहिती अपुरी असते, म्हणून अनुभवातून आलेला ठोकताळा त्याला सोयीचा वाटतो. मात्र या प्रसंगी ठोकताळा चुकतो आहे अशी त्याची खात्री पटली, की तो बाजूला ठेवण्यात त्याला गैर दिसत नाही. नियमलक्षी विचारात नियमाला स्वतःचा अधिकार असतो.

मिल यांनी १८६१ मध्ये दिलेला दाखला या ठिकाणी आठवतो. नाविक पंचांगाचे गणित करायला वेळ नाही म्हणून नौकानयनाचे शास्त्रच खोटे, असे कोणी म्हणत नाही. खलाशी ते गणित आधीच करून घेतलेले पंचांग सोबत घेऊन समुद्रावर जातात. नीतीचे नियमही मानवजातीने अनुभवातून करून ठेवलेले असेच गणित आहे, असा त्यांचा आशय. मिल यांना कोणत्या पंथात बसवावे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण पंचांग बंदरात बसून, शांतपणे तयार होते. तहानेने व्याकुळ झालेल्या होडीत नव्हे. ही गोष्ट पुढच्या विवेचनात महत्त्वाची आहे.

होडीतील गणित

आता डडलीच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. एका बाजूला तीन जीव, दुसऱ्या बाजूला एक. तो एकही समुद्राचे पाणी पिऊन आजारी व अर्धवट शुद्धीत. मोठ्यांवर कुटुंबे अवलंबून आहेत, हा मुद्दाही होडीत बोलला गेला होता. ज्युरीने नोंदवलेली तथ्ये या हिशेबाला बरीचशी पोषक होती. पार्करचा देह खाल्ला नसता, तर सुटका होईपर्यंत तिघे बहुधा जगले नसते. पार्कर अशक्त असल्याने त्यांच्याआधी मेला असता, असा संभव होता. मात्र त्याच ज्युरीने आणखी एक गोष्ट नमूद केली : कोणाला तरी मारणे अपरिहार्य मानले, तरी इतरांऐवजी त्या मुलालाच मारण्याची काही अधिक गरज नव्हती.

कृतिलक्षी हिशेबाचा धोका या शेवटच्या वाक्यात दिसतो. बेरीज-वजाबाकी चुकली असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो गणित कोणी मांडले आणि त्यात कोणते आकडे घातले, याचा. हिशेब करणारे स्वतःच त्याचे लाभार्थी होते. ज्याच्या नावे खर्च पडणार होता, त्याला विचारलेच गेले नाही. आदल्या दिवशी डडलीने चिठ्ठ्या टाकण्याची सूचना केली होती. ब्रुक्सने ती नाकारली, मुलापर्यंत ती पोहोचलीच नाही आणि चिठ्ठ्या पडल्याच नाहीत. चिठ्ठीत डडलीचे नाव निघू शकले असते; 'सर्वांत दुबळा कोण' या प्रश्नाच्या उत्तरात ते निघणे शक्य नव्हते. कुटुंब असणे हा निकष का, तरुण असणे हा का नाही, यालाही उत्तर नव्हते. मोजमापच असे निवडले गेले की उत्तर आधीच ठरलेले होते.

इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड कोलरिज यांनी ९ डिसेंबर १८८४ च्या निकालात याच मर्मावर बोट ठेवले. अशी निकड होती की नाही हे ठरवणार कोण आणि जिवांचे तुलनात्मक मोल मोजायचे कशाने, हा त्यांचा प्रश्न होता. ज्याला त्या निकडीचा लाभ व्हायचा आहे, त्यालाच निकड ठरवण्याचा अधिकार दिला, तर तत्त्वाच्या आडून वाटेल ते समर्थनीय ठरेल, असा त्यांचा इशारा होता. कोलरिज स्वतः उपयुक्ततावादी भूमिकेतून बोलत नव्हते. त्यांचा भर कर्तव्यावर होता. तरी त्यांच्या प्रश्नातून नियमलक्षी उपयुक्ततावादाला सर्वांत भक्कम आधार मिळतो.

तो आधार असा. एका होडीऐवजी समुद्रावरील सर्व होड्यांचा विचार करा. 'उपासमारीत बहुसंख्यांना वाचवण्यासाठी सर्वांत दुबळ्याला मारावे' असा नियम सर्वांना ठाऊक असेल, तर काय होईल? आजारी माणूस आजार लपवील, झोपायला घाबरेल. बलवान लोक 'निकड' एक दिवस आधीच आली असे मानू लागतील. अन्न आणि पाणी वाटून घेण्यासाठी लागणारा विश्वास पहिल्याच दिवशी तुटेल. याउलट 'निरपराध्याला मारायचे नाही' हा नियम दृढ असेल, तर एखाद्या होडीत जीव जास्त जातील हे खरे; पण सर्व होड्यांमध्ये मिळून हानी कमी होईल आणि दुबळ्यालाही सोबत्यांजवळ निर्धास्त झोपता येईल. म्हणजे डडलीचा हिशेब त्या दिवसापुरता बरोबर आला असे धरले, तरी तसा हिशेब करण्याची मुभा देणारा नियम घातकच ठरतो.

अपवादांचा पेच

यावर कृतिलक्षी बाजूचा आक्षेप तितकाच धारदार आहे. ऑस्ट्रेलियात अध्यापन केलेले तत्त्वज्ञ जे. जे. सी. स्मार्ट यांनी १९५६ मध्ये तो मांडला. नियम हितासाठी आहे असे म्हणायचे आणि एखाद्या प्रसंगी नियम पाळल्याने हित बुडते हे पक्के ठाऊक असूनही तो पाळायचा, ही नियमाची पूजा झाली. मग नियमात अपवाद घालावा का? घातला की दुसरा प्रसंग तिसरा अपवाद मागतो. असे करत गेल्यास 'हित साधत नसेल तेथे वगळून' एवढे एकच कलम उरते आणि नियमलक्षी पंथ पुन्हा कृतिलक्षी पंथात विरून जातो. डेव्हिड लायन्स यांनी १९६५ मध्ये हा युक्तिवाद सविस्तर विकसित केला.

नियमलक्षी बाजूचे उत्तर असे की नियमाचे मोल कागदावरील शब्दांवर ठरत नाही. माणसे तो शिकतात, लक्षात ठेवतात आणि दबावाखाली वापरतात, तेव्हा काय घडते यावर ते ठरते. अपवादांची लांबलचक यादी सर्वांना शिकवणे अवघड असते. शिवाय ज्याला लाभ होणार, त्यालाच तो अपवाद लागू होतो असे चटकन वाटू लागते. ब्रॅड हूकर यांनी २००० मध्ये मांडलेल्या स्वरूपात मोठी आपत्ती टाळण्यासाठी नियम बाजूला ठेवण्याची तरतूद आहे. मात्र ती थोड्याशा जास्त लाभासाठी वापरता येत नाही. अर्थात, आपत्ती किती मोठी हवी हे ठरवताना पुन्हा विवेकच लागतो. ही या पंथाची खरी मर्यादा आहे.

कोणता अपवाद नियमात सामावू शकतो, याचा चांगला नमुना १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८१ मध्ये होता. ती तरतूद आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये आहे. त्यातील उदाहरणही समुद्रावरचेच आहे. आपली चूक नसताना एका कप्तानाचे जहाज अशा स्थितीत सापडते की दिशा बदलली नाही, तर २० ते ३० प्रवाशांची नाव खाली चिरडेल. दिशा बदलली, तर दोन प्रवाशांच्या दुसऱ्या नावेला धोका आहे, पण ती कदाचित वाचूही शकेल. त्या दुसऱ्या नावेला धडक देण्याचा हेतू नसताना आणि प्रामाणिकपणे त्याने दिशा बदलली, तर तो गुन्हेगार ठरत नाही. येथे संख्येचा हिशेब मान्य झालेला आहे. पण अटी आधीच लिहिलेल्या आहेत, कप्तान स्वतःच्या लाभासाठी कोणाची निवड करत नाही आणि दोघांचा जीव घेणे हे त्याचे साधन नाही. पार्करच्या बाबतीत यातले काहीच लागू पडत नव्हते.

शिक्षा आणि दया

डडली आणि स्टीफन्स यांना फाशीची शिक्षा झाली आणि ती लगेच सहा महिन्यांच्या कारावासावर आणली गेली. वरवर पाहता ही विसंगती वाटते. परंतु तीत दोन कामांची वाटणी आहे. कनवाळूपणापोटी गुन्ह्याची व्याख्या सैल करणे न्यायाधीशांचे काम नाही. कायदा कठोर वाटत असेल, तर दयेचा अधिकार राजसत्तेकडे आहे, असे कोलरिज यांनी म्हटले होते. नियम पुढच्या प्रत्येक होडीसाठी अभंग राहिला. या दोघांच्या हालअपेष्टांचा विचारही झाला. पण तो नंतर, किनाऱ्यावर आणि ज्यांचा त्यात काही लाभ नव्हता अशा लोकांकडून. हिशेब झाला नाही असे नाही. तो होडीतून काढून घेतला गेला, एवढेच.