दोन गिरण्या

आत्या लालबागच्या चाळीत राहते. वय ब्याऐंशी. तिच्या ओव्या उतरवून घ्यायच्या म्हणून मी वही घेऊन गेलो. तिला खुर्चीत बसवलं, चहा झाला, आणि म्हटलं, "आत्या, म्हण आता." ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आरं, अशा बसून येत न्हाईत त्या. हात मोकळा हाय नव्हं."

मला वाटलं, म्हातारी विसरली. तसं नव्हतं.

जात्यावरची ओवी गळ्यात असते तेवढीच हातातही असते. खालची तळी जागची हलत नाही, वरची मधल्या खिळ्याभोवती फिरते. समोरासमोर दोघी बसतात, एकाच खुंट्याला दोघींचे हात. उजव्या हातानं ओढायचं, डाव्या हातानं मूठमूठ दाणं तोंडात सोडायचं. पहिली ओळ एकीनं उचलायची, दुसरीनं ती धरून पुढं न्यायची. दाणं सोडताना सूर थांबतो, जातं जड झालं की लांबतो. म्हणून जातं थांबलं की ओवीही थांबते.

हे नुसतं माझ्या आत्याचं म्हणणं नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यात राहून, खेड्यापाड्यांतल्या बायांनाच सोबत घेऊन, १९८० नंतरच्या काळात हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखावर ओव्या गोळा केल्या. त्या वाचत गेलं की एक गोष्ट कळते. आपण स्थलांतराची कविता म्हटली की परदेशी गेलेला माणूस आठवतो. पण मराठीत ह्या कवितेचा सगळ्यांत मोठा साठा लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बायांचा आहे. बहिणाबाई चौधरींचं माहेर आसोदं. ते जळगावपासून काही फार लांब नाही, तरी त्यांच्या गाण्यात माहेराची वाट केवढी मोठी होते. अंतर मैलांत मोजायचं नसतंच. मुऱ्हाळी आला तर जायचं, नाही आला तर त्याची वाट बघायची, असं ते अंतर.

ह्या बाया माहेर कसं आठवतात? डोंगर, आभाळ, हिरवं रान ह्यातलं थोडंच. हाताखालून गेलेल्या वस्तू मात्र पुष्कळ. आडाचा रहाट, उंबरा, दारची तुळस, चुलीजवळची उतरंड. आणि नुसती नावं नाहीत, तर कशाशेजारी काय आहे ते. वेशीतून आत आल्यावर आधी काय लागतं, मग कोणतं दार, दारात कोण बसलेलं. ओवी म्हणणारी त्या वाटेनं एकदा घरी जाऊन येते. दळण सरतं तेव्हा ती परत सासरी असते.

आत्याचं लग्न साधारण १९५७ सालातलं. पाटण तालुक्यातलं आमचं घर हे तिचं माहेर. तिचा नवरा मुंबईच्या कापडगिरणीत, आणि ती सासरी जात्यावर. तेव्हा साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या कितीतरी घरांची हीच मांडणी होती. पुरुष गिरणगावात दहा-पंधरा जणांच्या खोलीत राहायचा, पाळी बदलली की एकाच्या जागेवर दुसरा झोपायचा. त्याची ट्रंक आणि भिंतीवरची खुंटी एवढंच त्याचं घर. गावाकडं बायको एकटी.

ह्याच मांडणीवर अण्णाभाऊ साठ्यांनी 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड लिहिली. अण्णाभाऊ १९२० साली वाटेगावात जन्मले, आणि पोटासाठी घरच्यांबरोबर मुंबईला आले ते पायी चालत. ह्या गाण्यात वस्तूंची उलटापालट होते ती बघण्यासारखी आहे. बाईच्या ओवीतल्या वस्तू मागं राहिलेल्या असतात. छक्कडीतल्या पुरुषाच्या तोंडी दागिन्यांची नावं येतात, साजापासून नथीपर्यंत, पण ते तिच्या अंगावर नाहीत. मुंबईत कमावून ते घालीन असं सांगून तो निघालेला आहे. एकीकडं हातून सुटलेली वस्तू, दुसरीकडं हाती न आलेली. पुढं हीच मैना संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरते, आणि गावावर राहिलेली बायको म्हणजे बेळगाव, कारवारसारखा बाहेर राहिलेला मुलूख होतो. बायकोपासून तुटणं म्हणजे काय हे ऐकणाऱ्या कामगाराला वेगळं सांगावं लागत नव्हतं, म्हणून तर ते गाणं सभेत चाललं.

एका गिरणीनं नवरा नेला. दुसरी गिरणी गावात आली ती पिठाची. आत्या सांगते, "हात सुटलं बघ. पायली दळायला घाम निघायचा, तो गेला." तिला जात्याचं कौतुक नाही, आणि आपणही करू नये. ते कष्टाचं काम होतं. पण पहाटेची ती तास-दीड तासाची जागा, जिथं सुनेला मोठ्यानं बोललं तरी कुणी काही म्हणत नव्हतं, तीही गेली.

त्या दिवशी शेवटी आत्या उठली, स्वयंपाकघरातून पितळी परात आणली, फरशीवर पालथी घातली आणि तिच्या काठाला धरून फिरवू लागली. थोड्या वेळानं आवाज आला. पहिली दोन-चार अडखळत, मग मला लिहायला उसंत मिळेना. एकवीस ओव्या झाल्या.

त्यातल्या एका ओवीत आमच्या घरची कणगी होती, जोंधळ्यानं काठोकाठ भरलेली. मी विचारलं, "आत्या, एवढं पिकायचं आपल्याकडं?" ती हसली. "कुठलं रं! अर्ध्या भाकरीवर काढल्यात दिवस. पर सासरच्या जात्यावर बसून माहेर उपाशी म्हनायचं व्हय?"

तेव्हापासून मी ओव्या वाचताना ही गाळणी लावतो. किती होतं, ते ओवीत विचारू नये. भरलेली कणगी, दुधाची चरवी, शंभर बैलांचा वाडा, हे मान राखायला म्हटलेलं असतं आणि गावोगाव सारखंच सापडतं. कुठं होतं, ते मात्र विचारावं. आत्यानं कणगी सांगितली ती माजघराच्या डाव्या कोपऱ्यात, आणि तिथं जाताना ठेचाळायचा तो उंबरा मधोमध चिरलेला. अशी चीर मान राखायला कुणी घालत नाही.

गावी आल्यावर मी चुलतभावाला विचारलं. त्यानं सांगितलं, हो, कणगी डावीकडंच होती, आणि उंबरा चिरलेला होता. मला काहीच आठवत नव्हतं. जुनं घर पाडून स्लॅबचं घर मीच बांधलं. उंबरा त्या वेळी सरपणात गेला. जात्याची वरची तळी न्हाणीपुढं पायरी म्हणून सिमेंटमध्ये बसवली, तीही मीच उभं राहून. खुंट्याचं भोक अजून दिसतं, त्यात साबणाचं पाणी साचतं.

पुढच्या खेपेला आत्यानं विचारलं, "जातं हाय का रं आपलं?"

"हाय," मी म्हटलं. कुठं आहे ते सांगितलं नाही.

गवंड्याला विचारून ठेवलंय. दगड न फुटता निघेल म्हणतो.