पावसाळी दमटपणा (घरातील)

कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर या काळात हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ८० टक्क्यांच्या वर राहते. तेव्हा कपडे, धान्य आणि कागद यांत पाणी मुरण्याला घरगुती भाषेत ‘दमट होणे’ किंवा ‘सर्दावणे’ म्हणतात. या तिन्ही वस्तू हवेतील बाष्प शोषतात आणि भोवतालच्या हवेशी मेळ बसेपर्यंत शोषत राहतात. म्हणून वलणीवर दोन दिवस टांगलेला सुती सदरा ओला नसतो, पण कोरडाही लागत नाही. हवा ९० टक्के दमट असेल तर तो तेवढाच वाळतो. उरलेले पाणी इस्त्रीनेच निघते. आर्द्रता ७० ते ७५ टक्क्यांच्या वर टिकली की भिंत, चामडे, कापड यांवर बुरशी धरू लागते.

कपडे. खरा प्रश्न पाणी जाते कुठे हा आहे. यंत्रात पिळून निघालेल्या ४ किलो सुती कपड्यांत साधारण २ लिटर पाणी उरते. १० बाय १२ फुटांच्या, १० फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. २७ अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅम बाष्प राहते. हवा आधीच ८० टक्के दमट असेल तर दर घनमीटरला जेमतेम ५ ग्रॅमची जागा उरते, म्हणजे साऱ्या खोलीत पावणेदोनशे मिलिलिटरच्या आतबाहेर. दारे-खिडक्या लावून पंखा कितीही फिरवला तरी बाकीचे पाणी कपड्यांतच राहते, नाहीतर गार भिंतीवर आणि कपाटामागे जाऊन बसते. ‘पंखा लावलाय, वाळतील’ हा भरवसा म्हणूनच अर्धवट आहे. पंख्यासोबत समोरासमोरच्या दोन खिडक्या थोड्या उघड्या हव्यात किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा चालू हवा. आर्द्रता शोषणारे यंत्र वापरायचे तर उलट खिडक्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर ते बाहेरचा पाऊसच कोरडा करीत बसते. कपड्यांत वीतभर अंतर ठेवणे, जाड कपडे उलटे करून टांगणे आणि एका वेळी थोडेच धुणे, हे उपाय साधे असले तरी गुणकारी आहेत. कुबट वास जिवाणूंचा असतो. कपडे फार वेळ ओले राहिल्याने तो येतो, आणि अत्तराने झाकला जातो, जात नाही. पूर्वी तान्ह्या बाळाची दुपटी शेगडीवर पालथ्या घातलेल्या टोपलीवर सुकवीत. बंद खोलीत मात्र कोळशाची शेगडी जीवघेणी ठरते.

धान्य. धान्याचा बंदोबस्त पावसात नव्हे, वैशाखातच करावा लागतो. तांदूळ वा गहू १२ टक्क्यांच्या आसपास ओलाव्यावर आणून बंद केला तर टिकतो. १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी व सोंडे यांना सोयीचे होते. दाताखाली दाणा कटकन फुटला तर वाळला, दबला तर नाही, ही जुनी परीक्षा. मिठाची परीक्षा अधिक भरवशाची: कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडे मीठ घालून काही मिनिटे हलवावे. मीठ काचेला चिकटले तर ओल जास्त आहे. उन्हातले तापलेले धान्य लगेच डब्यात भरू नये; आतली वाफ झाकणाला लागते, तिचे पाणी होऊन खाली ठिबकते आणि वरचा थर आधी बिघडतो. रात्रभर सावलीत निवू देऊन, घट्ट झाकणाच्या डब्यात काठोकाठ भरावे. कडुनिंबाचा पाला पूर्ण वाळलेलाच घालावा. ओला पाला स्वतःच ओल आणतो. डब्यात हात घातल्यावर मध्यभागी ऊब लागली तर आत किडे वा बुरशी कामाला लागल्याचे समजावे. बुरशी धरलेले शेंगदाणे टाकून द्यावेत, कारण त्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष धुण्याने, वाळवण्याने किंवा भाजण्याने पुरते जात नाही. रोज लागणारा तांदूळ वेगळ्या लहान डब्यात काढून घेतला की मोठा डबा वारंवार उघडावा लागत नाही.

पुस्तके. यांची गोष्ट वेगळी. धान्यासारखी ती पावसात प्लॅस्टिकमध्ये बंद केली तर आतली ओल कोंडते. कपड्यांसारखी उघडी ठेवली तर हवेबरोबर फुगतात. पोथ्या लाकडी फळ्यांमध्ये ठेवून कापडात घट्ट गुंडाळण्याची रीत याच दृष्टीने शहाणपणाची. दाबलेल्या पानांत ओल हळू शिरते आणि कापडातून हवा खेळते. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन-तीन इंच दूर आणि कपडे वाळतात त्या खोलीबाहेर ठेवावे. कसरीला बांधणीतील खळ आवडते. तिच्यासाठी ठेवलेल्या डांबराच्या गोळ्या बुरशी थांबवत नाहीत. भिजलेले पुस्तक उन्हात ठेवल्यास पाने वाकतात, म्हणून थोड्या थोड्या पानांमागे कोरा शोषक कागद घालून ते पंख्याखाली उभे करावे आणि कागद ओला झाला की बदलावा. बुरशीचा डाग ओला असताना पुसला की पसरतो. पान पूर्ण वाळल्यावर, नाकाला फडके बांधून, घराबाहेर मऊ ब्रशने झाडावा.