मथळ्यांचा भावगुण आणि वेळ-जुळणी (शेअर बाजार)

मथळ्यांचा भावगुण म्हणजे वृत्तमथळ्यातील अनुकूल वा प्रतिकूल सूर दर्शवणारी संख्या होय. ही संख्या बहुधा −१ ते +१ या कक्षेत मांडली जाते. शेअर बाजारातील खरेदी-विक्रीचा निर्णय संगणकीय प्रारूपाकडे सोपवायचा असल्यास किमती, उलाढाल यांच्याबरोबर हा गुणही एक आदान म्हणून दिला जातो. अशा आदानास व्यवहारात 'फीचर' म्हणतात. प्रत्येक गुण ज्या क्षणी खरोखर ठाऊक होऊ शकत होता, त्याच्या आधीच्या कोणत्याही निर्णयात तो वापरला जाऊ नये, यासाठी केलेल्या मांडणीस वेळ-जुळणी असे म्हणता येईल. ती चुकल्यास प्रारूप नकळत भविष्यात डोकावते. या दोषाचे रूढ नाव 'लुक-अहेड बायस' असे आहे. हा दोष असताना जुन्या माहितीवर घेतलेली चाचणी, म्हणजे बॅकटेस्ट, उत्तम नफा दाखवते. प्रत्यक्ष बाजारात मात्र तो नफा मिळत नाही.

## गुण कसा काढतात

सर्वांत जुनी रीत शब्दसूचीची आहे. 'तेजी', 'उसळी', 'विक्रमी' असे शब्द धन, तर 'घसरण', 'कोसळला', 'तोटा' असे शब्द ऋण धरून त्यांची बेरीज केली जाते. सर्वसाधारण शब्दसूची अर्थविषयक लेखनास लागू पडतेच असे नाही. टिम लॉफ्रन आणि बिल मॅकडोनाल्ड यांनी २०११ साली दाखवून दिले, की 'कर' वा 'दायित्व' या अर्थाचे इंग्रजी शब्द सामान्य सूचीत नकारात्मक गणले जात असले, तरी कंपन्यांच्या अहवालांत ते केवळ वर्णनपर असतात. अलीकडे भाषिक प्रारूपांकडून संपूर्ण वाक्याचा सूर ठरवून घेतला जातो.

वृत्तलेखनातील प्रतिकूल सूर आणि बाजार यांच्या संबंधावरील पॉल टेटलॉक यांचा २००७ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. 'वॉल स्ट्रीट जर्नल'मधील एका नित्य स्तंभात निराशेचा सूर वाढला, की पुढे किमतींवर उतरता दाब येतो आणि त्यानंतर किमती बऱ्याच अंशी पूर्ववत होतात, असे त्यांना आढळले. परिणाम खरा असला, तरी लहान व अल्पजीवी होता. त्यामुळे काही मिनिटांची वा तासांची चूकही त्याच्याहून कितीतरी मोठा खोटा परिणाम निर्माण करू शकते.

## उदाहरण : ४ मे २०२२

वेळ-जुळणीचे महत्त्व मुंबईच्या बाजारातील एका दिवसावरून स्पष्ट होते. ३ मे रोजी रमजान ईदनिमित्त बाजार बंद होता. ४ मे रोजी सकाळी आयुर्विमा महामंडळाच्या (एलआयसी) प्रारंभिक समभाग विक्रीस आरंभ झाला. दुपारी २ च्या सुमारास रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी नियोजित पतधोरण बैठकीची वाट न पाहता रेपो दर ०.४० टक्क्याने वाढवून ४.४० टक्के केल्याचे जाहीर केले. सेन्सेक्स त्या दिवशी १,३०६.९६ अंकांनी, म्हणजे सुमारे २.३ टक्क्यांनी घसरून ५५,६६९.०३ वर बंद झाला. त्याच रात्री भारतीय वेळेनुसार ११:३० वाजता अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने अर्ध्या टक्क्याची दरवाढ जाहीर केली.

पुढील मथळे, त्यांच्या वेळा आणि गुण केवळ स्पष्टीकरणासाठी रचलेले आहेत.

| वेळ (भारतीय) | मथळा | गुण |
|---|---|---|
| ०८:१० | एलआयसीच्या समभाग विक्रीस आज आरंभ | +०.४ |
| १४:०३ | रिझर्व्ह बँकेची अनपेक्षित दरवाढ | −०.६ |
| १५:४० | सेन्सेक्स १,३०७ अंकांनी कोसळला | −०.९ |
| २३:३२ | अमेरिकेतही अर्ध्या टक्क्याची दरवाढ | −०.५ |

अननुभवी विश्लेषक तारखेनुसार सरासरी काढतो. ४ मेची सरासरी −०.४ येते. ती त्याच दिवसाच्या २.३ टक्के घसरणीसमोर ठेवली, की गुणाने घसरण अचूक ओळखली असे वाटते. परंतु सकाळी निर्णय घेणाऱ्याला चारांपैकी एकच मथळा ठाऊक होता आणि त्याचा गुण धन होता. तिसरा मथळा तर घसरणीचे भाकीत नसून तिचे वृत्त आहे. उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर प्रश्नाचे उत्तर सांगावे, तसा हा प्रकार झाला.

## योग्य मांडणी

प्रथम निर्णयाचा क्षण निश्चित करावा लागतो. राष्ट्रीय शेअर बाजारातील नियमित व्यवहार ९:१५ ते १५:३० या वेळेत होतात. मात्र दिवसाची आरंभीची किंमत ९:०० पासून चालणाऱ्या पूर्वसत्रात ठरते आणि त्यासाठीचे आदेश जास्तीत जास्त ९:०८ पर्यंतच स्वीकारले जातात. म्हणून आरंभीच्या किमतीस व्यवहार गृहीत धरायचा असेल, तर ९:१२ ला आलेली बातमी त्यात वापरता येत नाही.

यानंतर प्रत्येक मथळ्याला 'उपलब्धतेची वेळ' दिली जाते. बातमी प्रसिद्ध होणे, ती आपल्या संगणकापर्यंत पोहोचणे आणि तिचा गुण निघणे यांत काही काळ जातो. हा विलंब मोजून प्रसिद्धीच्या वेळेत मिळवतात. मोजमाप नसल्यास तो सढळपणे धरावा. वरील उदाहरणात तो दोन मिनिटे धरला आणि निर्णय दर पाच मिनिटांनी घेतला, तर १४:०३ चा मथळा १४:०५ ला उपलब्ध होतो. बरोबर त्याच क्षणाच्या निर्णयात त्याचा समावेश न करता तो १४:१० च्या निर्णयापासून धरावा. तेव्हा सरासरी (०.४ − ०.६) ÷ २ = −०.१ होते. १४:१० च्या निर्णयाचा व्यवहारही त्यानंतर मिळणाऱ्या किमतीलाच झाला असे मानावे.

१५:३० नंतरचे मथळे पुढील कामकाजाच्या दिवसाकडे जातात. येथे 'उद्या' असे न म्हणता बाजाराच्या सुट्ट्यांची यादी वापरावी लागते. २ मेच्या १५:३० नंतरच्या बातम्यांचा पहिला उपयोग ३ मे रोजी नव्हे, तर ४ मे रोजी होतो. त्याचप्रमाणे शेवटचे दोन मथळे ५ मेच्या सकाळी धरले, तर त्यांची सरासरी −०.७ येते. प्रत्यक्षात ५ मे रोजी सेन्सेक्स अवघ्या ३३ अंकांच्या वाढीसह जवळजवळ स्थिर राहिला. एका दिवसावरून निष्कर्ष काढता येत नाही. परंतु योग्य मांडणी केल्यावर पहिल्या मांडणीतील चमत्कार उरत नाही, एवढे दिसून येते.

पायथॉन भाषेतील पँडाज या संचाने ही जुळणी पुढीलप्रमाणे करता येते.

```python
t = pd.to_datetime(news["published_utc"], utc=True)
news["t_avail"] = t.dt.tz_convert("Asia/Kolkata") + pd.Timedelta(minutes=2)
news = news.sort_values("t_avail")
news["s10"] = news["score"].rolling(10, min_periods=1).mean()

x = pd.merge_asof(
    bars.sort_values("decision_time"), news[["t_avail", "s10"]],
    left_on="decision_time", right_on="t_avail",
    direction="backward", allow_exact_matches=False)
```

येथे `s10` ही शेवटच्या दहा मथळ्यांची सरासरी आहे. `direction="backward"` मुळे प्रत्येक निर्णयाला त्याच्या मागचीच नोंद जोडली जाते. `nearest` हा पर्याय वापरल्यास जवळची, परंतु पुढची नोंदही जोडली जाऊ शकते. `decision_time` भारतीय कालविभागासह नोंदलेली असावी आणि ती किंमतपट्टीच्या अखेरीची वेळ असावी. अनेक संचांत '१४:००' असे नाव असलेली पाच मिनिटांची पट्टी १४:०० ला सुरू होते. तिची बंद किंमत १४:०५ लाच कळते.

## नेहमीचे दोष

### कालविभागाची गफलत

बातम्यांच्या नोंदी बहुधा जागतिक प्रमाणवेळेत असतात आणि भारतीय वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. १४:०३ ची बातमी नोंदीत ०८:३३ अशी दिसते. ती भारतीय वेळ समजल्यास दुपारची दरवाढ बाजार उघडण्यापूर्वीच प्रारूपाला कळते. १५:४० चा 'सेन्सेक्स कोसळला' हा मथळा १०:१० चा ठरतो आणि १०:१५ च्या सुमारास सरासरी −०.३७ होते, म्हणजे दिवसाची घसरण होण्याआधीच तिचे वृत्त हाती येते.

ही चूक ओळखण्याचा उपाय सोपा आहे. दिवसाच्या प्रत्येक तासाला किती मथळे आले, हे मोजून पाहावे. भारतीय माध्यमांच्या बातम्या पहाटे सर्वांत कमी असतात. हा ओसर रात्री ९ ते ११ च्या दरम्यान दिसत असेल, तर नोंदी साडेपाच तासांनी सरकल्या आहेत असे समजावे.

### बदललेले मथळे

हा दोष ओळखणे अधिक कठीण असते. संकेतस्थळांवर बातमी दिवसभर सुधारली जाते. १४:०३ ला 'अनपेक्षित दरवाढ' असा असलेला मथळा सायंकाळी 'दरवाढीने बाजार कोसळला' असा होतो, पण प्रसिद्धीची वेळ तीच राहते. नंतर संग्रहातून मथळे गोळा करणाऱ्यास नवा मजकूर जुन्या वेळेसह मिळतो. त्यावर कोणतीही गणिती दुरुस्ती चालत नाही. मथळा आला त्या क्षणी त्याची प्रत आणि पोहोचल्याची वेळ स्वतः साठवणे, किंवा प्रत्येक आवृत्ती वेगळी जपणारा संग्रह वापरणे, हाच मार्ग उरतो.

### प्रमाणीकरणातील गळती

गुणातून दीर्घकालीन सरासरी वजा करण्याची पद्धत आहे. ती सरासरी संपूर्ण कालखंडावरून काढल्यास २०२२ च्या गुणात २०२३ च्या बातम्या मिसळतात. म्हणून ती केवळ त्या क्षणापर्यंतच्या मथळ्यांवरून काढावी. गुण देणाऱ्या भाषिक प्रारूपालाही हाच नियम लागू पडतो. त्याचे प्रशिक्षण चाचणीच्या काळानंतरच्या मजकुरावर झाले असेल, तर कोणत्या बातमीचा शेवट काय झाला हे त्याला आधीच माहीत असण्याचा संभव असतो.

## पडताळणी

दोन चाचण्या विशेष उपयुक्त ठरतात. पहिल्या चाचणीत एखादा क्षण निवडून त्यानंतरच्या सर्व नोंदी पुसून टाकतात आणि फीचर पुन्हा काढतात. त्या क्षणापर्यंतचे एकही मूल्य बदलले, तर मांडणीत भविष्य शिरले आहे. बदललेले मथळे किंवा चुकीचा कालविभाग मात्र या चाचणीत सापडत नाही, कारण तेथे मूळ नोंदच चुकीची असते.

दुसऱ्या चाचणीत सर्व मथळे ५, १५ आणि ६० मिनिटांनी मुद्दाम उशिरा धरून नफा पुन्हा मोजतात. खऱ्या परिणामाचा नफा विलंबागणिक हळूहळू ओसरतो. पाचच मिनिटांच्या विलंबाने तो एकदम नाहीसा झाला, तर तो बातमीच्या आशयातून येत नसून वेळेच्या चुकीतून येत असावा, किंवा प्रत्यक्षात गाठता न येणाऱ्या वेगावर अवलंबून असावा. दोन्ही परिस्थितींत त्या बॅकटेस्टवर विसंबून पैसे गुंतवणे धोक्याचे ठरते.