ईदगाह मोर्चा : 6 फेब्रुवारी 1792 ची रात्र

बंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये रविवारी चामराजपेटेत फेरी व्हायची. तिथल्या ईदगाह मैदानाजवळून जाताना मला नेहमी दुसरा ईदगाह आठवे, श्रीरंगपट्टणचा.

चामराजपेटेशेजारचा बंगळुरूचा किल्ला कॉर्नवॉलिसने मार्च 1791 मध्ये घेतला. पुढच्या वर्षी तो टिपूच्या राजधानीसमोर उभा राहिला. सोबत हरिपंत फडक्यांची मराठी फौज होती. कावेरीच्या उत्तरेला टिपूची छावणी, भोवती काटेरी कुंपण आणि त्यात तटबंदीचे मोर्चे. 6 फेब्रुवारीच्या संध्याकाळी हुकूम निघाला आणि साडेआठच्या सुमारास तीन तुकड्या तोफांशिवाय निघाल्या. हरिपंतांनाही फौज निघाल्यावरच कळले. गुप्तता राखली गेली, पण विचारपूस करायला वेळ उरला नाही.

उजवी तुकडी जनरल मेडोजची, सुमारे 3,300 माणसांची. त्या टोकाला ईदगाह मोर्चा होता, सगळ्यांत मजबूत. कॉर्नवॉलिसला तो टाळायचा होता. मेडोजने त्याच्या अलीकडून कुंपणात शिरावे आणि डावीकडे वळून मधल्या तुकडीला मिळावे, हा बेत. पण हुकमाचे शब्द दुहेरी अर्थाचे निघाले. मेडोजची तुकडी थेट मोर्च्यावरच गेली. मोर्चा घेतला, पण माणसे आणि वेळ दोन्ही खर्ची पडले. मग कॉर्नवॉलिसला गाठायला निघालेला मेडोज अंधारात त्याच्या मागून पुढे निघून गेला आणि करीघट्ट टेकडीपाशी पोहोचला. इकडे कॉर्नवॉलिसने थोड्या माणसांनिशी टिपूचे प्रतिहल्ले झेलले.

आता विचार करा. निघण्यापूर्वी मेडोजने हुकूम जसाच्या तसा म्हणून दाखवला असता तर? काहीच फरक पडला नसता. दुहेरी शब्द दोघांनाही आपापल्या अर्थाने बरोबरच वाटले असते. पण तो स्वतःच्या शब्दांत बोलला असता, “मी आधी ईदगाह मोर्चा घेतो, मग तुमच्याकडे येतो,” तर कॉर्नवॉलिसने तिथेच थांबवले असते.

आज आपण याला बॅकब्रीफ म्हणतो. त्यात तीन गोष्टी हव्यात: मी काय करणार, कशाला हात लावणार नाही आणि काम संपल्यावर कुठे असेन. मेडोजच्या बाबतीत चूक दुसऱ्या वाक्यातच उघडी पडली असती. “कोणाला शंका?” या प्रश्नाने ती सापडत नाही, कारण चुकीचे समजलेल्याला शंका नसतेच.

एक मर्यादा मात्र आहे. ऐकणारा हुकूम देणाराच हवा. मधल्या स्टाफ ऑफिसरला बॅकब्रीफ दिले आणि त्याचाच समज चुकीचा असेल, तर दोघेही खुशीने मान डोलावतात.

ती लढाई कॉर्नवॉलिसने जिंकली, म्हणून ही चूक फारशी कोणी मोजली नाही. ईदगाह मोर्च्यावर पडलेल्यांच्या घरी मात्र ती मोजली गेली असेल.